सकाळी काय खाल्लं हुतं?

आमचा जत तालुका दुष्काळी. म्हैसाळ योजनेचं पाणी आज येईल, उद्या येईल, म्हणून लोकांचे डोळे कालव्याला लागलेले असतात. मला मात्र पाण्याची कधीच टंचाई पडली नाही. एसटीत बसावं, गाडी दोन-चार वळणं घेऊ दे, की माझ्या तोंडाला असं पाणी सुटतं की त्यावर एखादा बिघा ज्वारी निघावी. पाणी सुटण्याआधी जांभया येतात. पाठोपाठ कानशिलावर थंड घाम. बाहेर एप्रिलचं ऊन तापलेलं, गाडीचा पत्रा भाजतोय, शेजारचा माणूस पंच्यानं वारा घेतोय, आणि माझा घाम मात्र रांजणातल्या पाण्यासारखा गार! शेवटी चेहरा पांढरा पडतो. जतच्या उन्हात पन्नाशीपर्यंत भाजून निघालेला माझा रंग पांढरा पडू शकतो, यावर घरच्यांचाही विश्वास नव्हता. लग्नातल्या मेकअपवालीला जे जमलं नाही ते एसटी अर्ध्या तासात करते.

ह्या अवस्थेत माणसाला एकच इच्छा असते, की आपल्याशी कुणी बोलू नये. आणि नेमकं ह्याच वेळी अख्ख्या गाडीला आपल्याशी बोलायला आवडतं.

"गाडी लागती काय वो तुमास्नी?" शेजारचा विचारतो.

मी मान हलवत नाही. मान हलवली तर उत्तर तोंडावाटे येईल अशी भीती असते.

"सकाळी काय खाल्लं हुतं?"

हा प्रश्न आला म्हणजे चौकशी रीतसर सुरू झाली. पोहे खाल्ले म्हटलं तर, "पोहं कशाला खायचं वो? त्यानं पित्त हुतंय." काहीच खाल्लं नाही म्हटलं तर, "मग हुईलच की! रिकाम्या पोटानं कोण निघतंय?" भाकरी म्हटलं तर भाकरी जड, चहा म्हटलं तर चहा कडक. मी आजवर निरनिराळी उत्तरं देऊन पाहिली. आरोपी नेहमी न्याहारीच ठरते.

मग उपाय येतात. आमच्याकडच्या गाडीत निम्मे लोक मराठीत आणि निम्मे कानडीत सल्ला देतात, त्यामुळे आजारी माणसाचा त्रास कसा दोन्ही भाषांत समृद्ध होतो. एका बाईंनी लिंबू हुंगायला दिलं. दुसऱ्या म्हणाल्या, लिंबू नको, आलेपाक चघळा. मागून एक आजोबा उठून आले आणि त्यांनी माझ्या सदऱ्याच्या आत, पोटावर, वर्तमानपत्राची घडी सरकवली. "पेपर पोटाला लागला की गाडी लागत न्हाई." ते पान आदल्या दिवशीचं होतं आणि मी ते वाचलेलं नव्हतं, एवढंच त्याचं वैशिष्ट्य. कंडक्टरनं मात्र एकच गोष्ट केली. त्यानं माझ्याकडं एक नजर टाकली आणि न बोलता प्लास्टिकची पिशवी पुढं केली. अनुभवी माणूस बोलत नाही, तो तयारी ठेवतो.

जतच्या आसपास फिरताना हे दुखणं फारसं अंगावर येत नाही. आमचा मुलूख सपाट. माळ, बाभळी, मेंढरं, पुन्हा माळ. खरा प्रसंग आला तो भाच्याच्या लग्नाला चिपळूणला जायचं ठरलं तेव्हा. आमच्या गावावरून जाणारा विजापूर-गुहागर रस्ता नागज, भिवघाट, विटा करत कराडला पोचतो, पाटण आणि कोयनानगर मागं टाकतो आणि मग कुंभार्ली घाटातून सह्याद्रीवरून खाली चिपळूणला उतरतो. म्हणजे आमच्या दारातला सरळसाधा रस्ताच पुढं जाऊन असा वेडावाकडा होतो. चांगल्या घरातली पोरं बाहेरगावी शिकायला गेल्यावर बिघडतात तसं काहीसं.

घरात माझ्या पोटाची जय्यत तयारी झाली. आदल्या रात्री मऊ भात. सकाळी कोरडी बिस्किटं. बायकोनं पिशवीत लिंबू, आवळा सुपारी, लवंग आणि सुंठ भरली. मी लग्नाला चाललोय की काढ्याचं दुकान टाकायला, हे कळेनासं झालं. शिवाय औषधाच्या दुकानातून उलटीची एक गोळी आणून ठेवली आणि "लागली तर घेऊ" म्हणून खिशात टाकली.

कराडपर्यंतचा रस्ता मोठ्या रुबाबात गेला. मधल्या एका टप्प्यावर कामं चालली होती. गाडी अशी दणदणत होती की दात एकमेकांवर वाजत होते आणि वरच्या फळीवरची एक बॅग माझ्या डोक्यावर दोनदा आली. पण मळमळ? नावाला नाही. मी बायकोला म्हणालो, "बघ, बिस्किटांचा गुण."

कराडला गाडी बदलली. जागा मिळाली ती अगदी मागं, शेवटून दुसऱ्या ओळीत. कोयनानगर ओलांडून घाट लागला. इथला रस्ता अजिबात दणदणत नव्हता. गाडी झोकात डावीकडं झुकायची, थोडा वेळ तशीच राहायची, मग सावकाश उजवीकडं. मग ब्रेक. मग पुन्हा डावीकडं. मेहुण्यानं मोबाइलवर लग्नाच्या जेवणाचा बेत पाठवला होता तो मी वाचायला घेतला. बासुंदीपर्यंत पोचलो आणि पहिली जांभई आली.

पुढचं सांगत नाही. वाचक जेवायला बसलेले असू शकतात.

मात्र त्या दिवशी मी एकटा नव्हतो. माझ्या शेजारी खिडकीला डोकं टेकून एक धिप्पाड माणूस बसला होता, मिशा पिळदार, अंगात खाकी. चेहरा माझ्यापेक्षा पांढरा. चौकशी केली तर तो एसटीचाच ड्रायव्हर निघाला. ड्युटी संपवून घरी चालला होता.

"किती वर्षं झाली गाडी चालवून?" मी विचारलं.

"इसेक झाली असतील."

"आणि तुम्हाला गाडी लागते?"

त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "स्टेअरिंग हातात असलं की काय न्हाई वो. ह्योच घाट रात्रीचा बी चालवतो. पण मागं बसलो की संपलं! कुणाला सांगू नका."

मी सांगितलं नाही. म्हणजे आत्तापर्यंत. पण लग्नात अक्षता टाकताना, बासुंदीला नको म्हणताना, मला एकच गोष्ट छळत होती. ह्या माणसानं काय खाल्लं होतं? तोच माणूस, तेच पोट, तोच घाट. पुढं बसला की ठणठणीत, मागं बसला की माझ्यासारखा. म्हणजे न्याहारी निर्दोष होती की काय?

परत आल्यावर मी मिरजेला कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांकडं गेलो. गेलो होतो भावजयीच्या कानदुखीसाठी, पण रांगेत बसण्याचे पैसे वसूल व्हावेत म्हणून आपलंही दुखणं पुढं केलं. "डॉक्टर, पोटाचा त्रास आहे. एसटीत बसलं की मळमळतं."

"मग बरोबर ठिकाणी आलात," ते म्हणाले आणि माझ्या कानाकडं बघू लागले. मला वाटलं, ह्यांना ऐकू कमी येतं.

त्यांनी जे समजावलं ते असं. आपण कान म्हणतो तो ऐकण्यापुरता. पण त्याच्या आत, कवटीच्या हाडात, एक दुसरं यंत्र बसवलेलं आहे आणि त्याचा ऐकण्याशी काही संबंध नाही. तिथं तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, तीन वेगवेगळ्या दिशांना, आणि त्यात द्रव भरलेला. डोकं वळलं की नळी वळते, द्रव मात्र किंचित मागं रेंगाळतो, आणि त्या रेंगाळण्यामुळं आतले बारीक केस वाकतात. मेंदूला खबर जाते: वळलो. शेजारीच दोन छोट्या पिशव्या आहेत. त्यांत चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, सूक्ष्म खडे एका चिकट थरावर बसलेले असतात. गाडीनं वेग घेतला, ब्रेक दाबला किंवा ती कलली की खडे सरकतात आणि मेंदूला कळतं: पुढं ढकललो, मागं आलो, झुकलो.

आता कुंभार्ली घाटातला मी डोळ्यांसमोर आणा. माझी नजर मोबाइलवर. डोळ्यांच्या मते जग एकदम स्थिर आहे, समोर बासुंदी आणि मटार उसळ आहे, काहीही हललेलं नाही. कानाच्या मते आपण डावीकडं कललोय, वळतोय, मागून ढकलले जातोय. दोघंही खरंच बोलताहेत. मोबाइल माझ्याबरोबर हलतोय, म्हणून डोळ्यांना हालचाल दिसत नाही. कान गाडीबरोबर हलतोय, म्हणून त्याला ती कळते. आणि मेंदूला जन्मापासूनची सवय अशी, की चालताना, धावताना, झाडावर चढताना हे दोघं एकच सांगतात. एसटीत त्यांचं जुळत नाही, आणि मेंदू गांगरतो.

"पण गांगरला तर गांगरला," मी म्हणालो. "त्यानं डोकं धरून बसावं. पोटाचा काय संबंध?"

डॉक्टर हसले. ह्याचं पक्कं उत्तर शास्त्राकडंही नाही, पण एक तर्क आहे. ट्रीझमन नावाच्या शास्त्रज्ञानं 1977 साली तो मांडला. माणूस रानावनात भटकत होता तेव्हा डोळ्यांचं आणि कानाचं बिनसायचं ते मुख्यतः एकाच कारणानं, ते म्हणजे विषारी काहीतरी पोटात गेल्यावर. विषानं मज्जासंस्था बिघडते, जग फिरायला लागतं. अशा वेळी जो ओकला तो वाचला. त्यामुळं आजही दोन्ही खबरा जुळेनाशा झाल्या की मेंदू विषबाधेचा संशय घेतो आणि पोट रिकामं करायचा हुकूम सोडतो. तोंडाला पाणी सुटतं ते वर येणाऱ्या आम्लापासून दात आणि घसा सांभाळायला. कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चेहरा पांढरा. उष्म्याशी संबंध नसलेला घाम, म्हणून तो गार.

हे ऐकून मी थक्क झालो. म्हणजे लाखो वर्षांच्या उत्क्रांतीतून घडलेला हा माझा मेंदू, आणि तोसुद्धा घाटात गांगरल्यावर शेजारच्या प्रवाशासारखाच विचारतो, "सकाळी काय खाल्लं हुतं?" फरक एवढाच, की तो उत्तराची वाट बघत नाही.

कानाचा हा दोष शास्त्रज्ञांना फार पूर्वी दिसला होता. अमेरिकेतल्या विल्यम जेम्स यांनी 1880 च्या सुमारास मूकबधिरांना गरागरा फिरवून पाहिलं, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांना चक्करच आली नाही. ज्यांच्या आतल्या कानाचं हे यंत्र दोन्ही बाजूंनी बंद पडलेलं असतं त्यांना गाडी, बोट, काहीच लागत नाही, हे पुढं पक्कं झालं. उलट अंधांना गाडी लागू शकते. म्हणजे डोळे भांडण वाढवतात, पण कानाशिवाय ते सुरूच होत नाही. म्हणूनच डोळे घट्ट मिटून बसल्यानं आराम पडतो, पूर्ण सुटका मात्र होईलच असं नाही, कारण कानाच्या नळ्या आणि खडे यांचंही आपसात नेहमी जुळतं असं नाही.

कराडपर्यंतच्या दणक्यांत मला काही झालं नाही, त्याचंही श्रेय बिस्किटांकडून काढून घेतलं गेलं. माणसाला मळमळवते ती संथ हेलकाव्याची चाल. एक हेलकावा पुरा व्हायला साधारण पाच सेकंद लागत असतील तर त्यासारखं वाईट दुसरं नाही. बोटीचं डुलणं, घाटातली पाठोपाठची वळणं आणि सतत ब्रेक मारत जाणारी गाडी हे सगळं त्या आसपासचं. खड्ड्यांचे धक्के सेकंदाला अनेक. ते मणके मोडतील, बांगड्या फोडतील, पण त्यांनी ओकारी क्वचितच होते. आमच्या भागात खड्ड्यांविरुद्ध एवढी निवेदनं दिली जातात, पण त्यांच्या बाजूनं हा मुद्दा आजवर कुणी मांडलेला नाही. मी मांडतो. खड्डे पोटाला निरुपद्रवी आहेत.

राहिला तो मिशाळ ड्रायव्हर. त्याचं कोडं मला सगळ्यात आवडलं. स्टेअरिंग त्याच्या हातात असतं तेव्हा वळण येण्याआधीच त्याच्या मेंदूला ते माहीत असतं. तो रस्ता बघतो, चाक फिरवतो आणि पुढच्या क्षणी कानाला काय वाटणार आहे याचा अंदाज आधीच बांधून ठेवतो. कानाची खबर आली की ती अपेक्षेप्रमाणंच निघते. शिवाय वळणावर ड्रायव्हरचं डोकं आपोआप वळणाच्या आतल्या बाजूला कलतं. प्रवाशाचं डोकं उलट बाहेर फेकलं जातं. तुम्ही पुढच्या वेळी पाहा, गाडीत एक डोकं डावीकडं आणि बाकी सगळी उजवीकडं गेलेली दिसतील. मागं बसल्यावर त्या बिचाऱ्याचा अंदाज संपला, समोरचा रस्ता दिसेना, आणि मागच्या चाकांच्याही पलीकडं बसल्यानं हेलकावा मोठा झाला. वीस वर्षांची नोकरी कामाला आली नाही.

गाडी लागण्याची मला शरम वाटायची, तीही गेली. 1961 साली गेर्मान तितोव्ह नावाचा रशियन अंतराळवीर पृथ्वीभोवती फिरला आणि त्याला अंतराळात मळमळलं. तो वैमानिक होता, तंदुरुस्त होता आणि त्यानं पोहे खाल्ले नव्हते. डार्विन बीगल जहाजावर पाच वर्षं हिंडला आणि त्याला शेवटपर्यंत बोट लागत राहिली. आता कुणी हसलं की मी ह्या दोघांची नावं पुढं करतो. पुढचा विचारतो, "कुठल्या गावचे?"

आता उपायांचं सांगतो, कारण डॉक्टरांनी माझ्या खिशातल्या गोळीवरही पाणी फिरवलं. मी दुकानातून आणलेली ती ओंडॅनसेट्रॉनची होती. केमोथेरपीच्या किंवा भुलीनंतरच्या उलट्यांवर ती चांगली, पण गाडी लागण्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. ह्या कामाला प्रोमेथाझिन, मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट अशी औषधं असतात, ती कानाकडून येणारी खबर मेंदूत मंद करतात. त्यांनी झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्यानं ती घ्यायची नाहीत, आणि लहान मुलांना, गरोदर बाईला किंवा काचबिंदू असलेल्याला डॉक्टरांना विचारूनच. मोठी अडचण वेळेची. गोळी निघण्याआधी अर्धा ते एक तास घ्यावी लागते. मळमळ सुरू झाली की पोटाचं कामकाज बंद पडतं, गोळी पुढं सरकतच नाही. "लागली तर घेऊ" म्हणून खिशात ठेवलेली गोळी घाटात घेतली तर ती जशी गेली तशीच परत मिळते.

आल्याबद्दल डॉक्टर म्हणाले, थोडा गुण येतो असं काही प्रयोगांत दिसलंय, काहींत नाही, चघळा हवं तर. वर्तमानपत्राबद्दल विचारल्यावर त्यांनी पेशंट पुढं घेतला.

सगळ्यात स्वस्त उपाय जागेचा आहे. पुढून दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत, समोरची काच दिसेल अशा बाजूला बसायचं. अगदी ड्रायव्हरच्या पाठीमागं नको, तिथं पुढची आडोशाची पाटी रस्ता झाकते. मान सीटला टेकवायची, नजर दूर रस्त्यावर ठेवायची आणि मोबाइल खिशात. डोळ्यांनाही वळण आधी दिसलं की कानाशी त्यांचं भांडण उरत नाही. वारंवार त्याच घाटातून गेलं की मेंदूला सवयही होते. रोज कुंभार्ली चढणारा कंडक्टर तिकिटं देतो, सुट्टे मोजतो आणि वर वडापाव खातो, तो त्यामुळंच. लहान मुलांचं म्हणाल तर दोन वर्षांच्या आतल्यांना सहसा लागत नाही, शाळकरी वयात सगळ्यात जास्त लागते, आणि वय वाढेल तसं कमी होतं. म्हातारपणी जवळपास सुटतं, असं डॉक्टर म्हणाले. मी वय सांगितल्यावर म्हणाले, "अपवाद असतात."

परवा भाचा म्हणाला, मुलाच्या बारशाला या. मी गोळी लिहून घेतली, पुढची जागा आरक्षित केली. गाडीत चढलो तर माझ्या जागेवर एक आजोबा बसलेले. "आमास्नी गाडी लागत न्हाई," ते ऐटीत म्हणाले, "पण पुढं वारं बरं येतंय."

अशा सगळ्या न लागणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे. गाडीत कुणी जांभया देत पांढरा पडायला लागला तर त्याच्या न्याहारीची चौकशी करू नका. त्याला पुढची जागा द्या, आणि तुम्ही मागं जाऊन बसा. तुम्हाला लागत नाहीच ना?